ऑडिओ झूम चालू असूनही लांबचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का?

सानूची आई: गॅदरिंगला लेकीचं भाषण मोबाईलवर घेतलं, स्टेजपासून १२ मीटर असेन. झूम केल्यावर चेहरा जवळ आला पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. ऑडिओ झूम चालू होतं, तिच्यापुढे माईक नव्हता. ही फसवणूक आहे का?

लग्नशूटवाला: शंभर टक्के. नुसता आवाज वाढवतात. शॉटगन माईक घ्या, प्रश्न मिटला.

साउंडचा माणूस: नुसता वाढवत नाहीत हो. मोबाईलच्या दोन-तीन माईकवर आवाज अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी फरकाने पोचतो, त्यावरून बाजूचा आवाज दाबतात. पण माईकमधलं अंतर जास्तीत जास्त १५ सेंमी आणि २०० हर्ट्झच्या लहरीची लांबी १.७ मीटर, त्यामुळे जाड आवाजाला दिशा फारशी सापडतच नाही. ताई, हॉल केवढा होता?

सानूची आई: २० बाय १२ मीटर असेल, उंची ५. फरशी, पत्रा, पडदे नाहीत. टाळी वाजवली की दोनेक सेकंद घुमते.

साउंडचा माणूस: मग अशा हॉलमध्ये बोलणाऱ्यापासून साधारण दीड मीटरवरच थेट आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज बरोबरीला येतात. पुढे अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो, घुमणारा मात्र हॉलभर जवळपास तेवढाच राहतो. १२ मीटरवर थेट आवाज साधारण १८ डेसिबल खाली गेलेला असतो. शॉटगनसारखा चांगला दिशादर्शक माईक ही दीड मीटरची हद्द फार तर तीन-चार मीटरवर नेतो, कारण घुमलेला आवाज समोरच्या भिंतीवरूनही येतो, लेकीच्याच दिशेने. लेन्सने चेहरा जवळ येतो, हवेतलं अंतर तसंच राहतं.

लग्नशूटवाला: मी आठ वर्षं शॉटगनवर लग्नं काढतोय, आवाज झकास येतो.

साउंडचा माणूस: किती लांबून?

लग्नशूटवाला: दोन-तीन मीटर. मंडपात.

साउंडचा माणूस: तेच तर म्हणतोय. कापडी मंडप आवाज परत पाठवत नाही.

रानवाटा: मी माईक लावलेल्या ६० सेंमीच्या डिशने ३० मीटरवरचा बुलबुल स्वच्छ घेतो, मग अंतराचा दोष कसा?

साउंडचा माणूस: रानात भिंती नाहीत. शिवाय पक्ष्याचा आवाज बारीक, त्याची लहर डिशपेक्षा बरीच लहान. ताई, लेकीला शाळेच्या मैदानात १२ मीटरवर उभी करून बघा, आवाज हळू येईल पण पोकळ येणार नाही.

निवृत्त मास्तर: माईकला फोम लावा, वारा लागत असेल.

सानूची आई: सर, हॉल बंद होता. आता हाती असलेली फाईल सुधारेल का?

लग्नशूटवाला: घुमणं काढायचं सॉफ्टवेअर आहे, मी वापरतो, छान निघतं.

साउंडचा माणूस: थोडं घुमत असेल तर निघतं. १८ डेसिबलला शब्दांची टोकं खातं, स आणि श एकसारखे होतात, मला तरी ते आवडत नाही. पुढच्या वेळी दुसरा मोबाईल पोडियमवर, तोंडापासून अर्ध्या मीटरवर रेकॉर्डिंगला ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि एडिट करताना ती टाळी जुळवून घ्या.

लग्नशूटवाला: फाईल पाठवा ताई, मी करून बघतो, मग ठरवा.

सानूची आई: पाठवते. पोडियमवर मोबाईल ठेवायला शाळा हो म्हणेल का, ते विचारावं लागेल.