गृहप्रवेशाला भंतेजी: वेळ आणि दान

«नव्या घरी परित्राण पाठासाठी भंतेजींना बोलावणार आहोत. पाठ सायंकाळी ठेवला तर चालेल का, आणि दान काय द्यावे?»

पाठ सायंकाळी चालतो. मात्र भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, म्हणून भोजनदान द्यायचे असल्यास सकाळी त्रिशरण-पंचशील घेऊन, बुद्धमूर्तीपासून पाण्याच्या कलशाभोवती नेलेला पांढरा दोरा सर्वांच्या हाती देऊन पाठ सुरू करावा आणि साडेअकरापूर्वी ताटे वाढावीत. अन्न नुसते समोर न ठेवता दोन्ही हातांनी अर्पण करावे. पाठानंतर तेच पाणी घरभर शिंपडतात. दानात चीवर किंवा साबण, औषधे अशा नित्य वापराच्या वस्तू चालतात (एकाच विहारात चीवरांचे ढीग साचतात, तेव्हा आधी विचारलेले बरे). प्रवासखर्चाचे पाकीट भंतेजींच्या हाती न देता सोबतच्या उपासकाकडे सोपवावे.