पोरगी शिकली की हुंडा वाढतो? हे गणित काय आहे?

पूर्णाकाठ (धागा सुरू करणारे): धाकटी नर्सिंगची पदवी घेऊन परभणीत खासगी दवाखान्यात नोकरीला आहे. परवा मध्यस्थ म्हणाले, "शिकलेली पोरगी हाय, आता दहाच्या खाली जमणार न्हाई." थोरली बारावीवर दिली तेव्हा तीन लाखांत निभावलं होतं. शिकवलं म्हणून दंड का? हुंडा पोरीची किंमत बघून ठरतो की आणखी कशावर?

सोयरीकवाले तात्या: भाऊ, भाव पोराचा निघतो. बैठकीत आधी विचारतात ते पोरगं कुठं लागलं, पर्मनंट हाय का, वाट्याला शेती किती, शहरात घर हाय का. त्यावर आकडा निघतो, मग याद लिहितात: रोख, तोळे, गाडी, संसाराची भांडी, लग्न कुणी करून द्यायचं. पोरीच्या रंगावरून, वयावरून त्यात लाख-दोन लाख इकडंतिकडं होतात. तुमची थोरली बारावी, जावई शेतकरी, तीन लाख. धाकटी पदवीधर, मग तिच्याहून कमी शिकलेला कुणालाच चालत नाही, तुम्हालाही नाही. वर बघायचं म्हटलं की सरकारी नोकरीवालाच दिसतो, आणि एका नोकरीवाल्यामागं आपल्यासारखे कितीतरी बाप रांगेत उभे. दहा लाख शिक्षणाचे नाहीत, त्या रांगेचे हायत.

जालन्याचा बंडू: आता हे फार दिवस चालणार नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. त्या मुली आता लग्नाच्या वयात येताहेत. माल कमी की भाव उलटा. हुंडा आपोआप मरणार.

अंबाजोगाईची लेक: माल म्हणालात, तिथंच सगळं आलं. मुली कमी झाल्याचा फायदा मुलींना कुठं होतोय? कोरडवाहूवाल्या पोराला मुलगी मिळत नाही, तो दोन्हीकडचा खर्च करतो, वर दलालाला पैसे देतो. त्याच गावातला तलाठी मात्र अजून घेतोच. मुली सगळ्यांनाच कमी पडल्या, पण रांग नोकरीवाल्याच्याच दारात. शिवाय या मुली कमी का झाल्या? पुढं हुंडा द्यावा लागेल या भीतीनंच ना.

कदमकाका, सेलू: माझा मुलगा तिशी ओलांडून गेला. आम्ही नारळ-सुपारीवर करायला तयार आहोत, चार एकर बागायती आहे. कुणाच्या ओळखीत मुलगी असेल तर कळवा.

सोयरीकवाले तात्या: काका, इथं स्थळं नकोत. निरोप करा.

देशमुख, हिंगोली: एवढा गहजब कशाला? पोरीला जमिनीत वाटा देत नाही, तोच वाटा बाप लग्नात देतो. आमच्या आजोबांपासून असंच आहे. भावांशी वाकडं येत नाही, माहेर टिकतं.

अॅड. गोदाकाठ: देशमुखसाहेब, तुमचंच गणित पुरं करू. 8 एकर वडिलोपार्जित, वडील वारले, मागे आई, दोन भाऊ आणि ती. चौघांना दोन-दोन एकर. एकर 8 लाखांनी धरलं तर तिचे 16 लाख. लग्नात गेले दहा. तिच्या नावावर किती? शून्य. रोख सासऱ्याकडे गेली आणि तिथून बहुतेक वेळा नणंदेच्या लग्नात. म्हणजे एका पोरीचा वाटा दुसरीच्या सासऱ्याला. आणि नंतर भाऊ हक्कसोड पत्रावर सही घेतात ती वेगळी. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क 1994 ला आला, देशभर 2005 ला. हुंडाबंदी कायदा 1961 चा, त्याच्या कलम 6 प्रमाणं दुसऱ्या कुणी घेतलेला हुंडा तीन महिन्यांत मुलीला द्यावा लागतो. माझ्याकडं आलेल्या एकाही घरात तो दिलेला नव्हता.

देशमुख, हिंगोली: मग बाप तक्रार करायला का जात नाही? देणाराही आत जातो म्हणून.

अॅड. गोदाकाठ: देणंही गुन्हाच, हे खरं. पण ज्याला त्रास झाला त्यानं दिलेल्या जबाबावरून त्याच्यावर या कायद्याखाली खटला चालत नाही. बाप घाबरतो तो कोर्टाला नाही, पोरगी परत येईल याला.

अंबाजोगाईची लेक: तात्यांचं "रांगेचे पैसे" बरोबर आहे, पण त्याचं पुढं काय होतं ते सांगते. आमच्या तांड्याकडं ऊसतोडीला जाणारे बाप दहावी झाली की लग्न उरकतात. पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही भीती असते, आणि लहान वयात देणंही कमी लागतं. म्हणजे वय वाढलं, शिक्षण वाढलं की याद वाढते, म्हणून शिक्षणच थांबवतात. घरात ही गोष्ट पोरीला रोज ऐकू येते. "हिच्यासाठी जमवतोय" हे वाक्य भावाबद्दल कधी ऐकलंय? त्याच्या इंजिनिअरिंगला एकर विकतात, ती गुंतवणूक, लग्नात वसूल होणारी. माझी फी मात्र खर्चात धरली होती.

सोयरीकवाले तात्या: हे मान्य. पण रांग सोडा म्हटलं तर एकटा बाप सोडत नाही. शेजारी सोडत नाही तोवर.

पूर्णाकाठ: पोरीला विचारलं. ती म्हणाली, तिच्याच दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, पगार तिच्याहून कमी, घरचे काही मागत नाहीत. हिच्या आईला तो "खालचा" वाटतोय. आणि खरं सांगू, मलाही थोडा. वकीलबाई, दहा लाखांऐवजी तिच्या नावावर दोन एकर केले तर थोरलीचे तीन लाख तिच्या वाट्यात धरायचे का?