‘डेर श्टुडेंट’, पण ‘डेर श्टुडेंटन’ : शेवटचा ‘एन’ कशामुळे?

मीनल
जर्मनमध्ये ‘डेर श्टुडेंट लेर्न्ट’ म्हणजे विद्यार्थी शिकतो, हे समजले. पुढच्याच धड्यात मात्र ‘डी ब्यूशर डेर श्टुडेंटन’ असे वाक्यखंड आले. दोन्हीकडे ‘डेर’ हेच उपपद आहे, मग एकाच जागी ‘एन’ का? ‘डेर’नंतर हा प्रत्यय कधी लावायचा, याचा नियम कोणी सांगू शकेल का?

सांगलीकर
‘डेर’ आला की पुढच्या शब्दाचा शेवट बदलून तो ‘दुर्बळ’ होतो, असा नियम आहे. एका जर्मन माणसाला ‘आइन डॉइचर’ म्हणतात, पण ‘डेर’ लागला की ‘डेर डॉइचे’ होते. इथेही तेच झाले असावे.

हेमंत
सांगलीकर, ‘डॉइचे’बद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु तो मुळात विशेषणाचा शब्द असल्यामुळे आधी ‘डेर’ आहे की ‘आइन’, यावर त्याचा शेवट ठरतो. ‘श्टुडेंट’ला त्याचे सोयरसुतक नाही. ‘डेर श्टुडेंट’ आणि ‘आइन श्टुडेंट’ दोन्ही बिनप्रत्ययाचे राहतात, तर द्वितीयेत ‘डेन श्टुडेंटन’ आणि ‘आइनन श्टुडेंटन’ दोन्हींना प्रत्यय लागतो. भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने विशेषणे आणि नामे या दोहोंसाठी ‘दुर्बळ’ हीच संज्ञा वापरली, त्यामुळे ही गल्लत नेहमी होते.

मीनलताई, आपल्या दुसऱ्या उदाहरणातला ‘डेर’ निराळा आहे. तो अनेकवचनी षष्ठीचा आहे. अर्थ होतो ‘विद्यार्थ्यांची पुस्तके’. एकाच विद्यार्थ्याची पुस्तके असती, तर ‘डी ब्यूशर डेस श्टुडेंटन’ झाले असते. म्हणजे एकवचनात फक्त कर्ता कोरा राहतो. द्वितीयेचा ‘डेन’, चतुर्थीचा ‘डेम’, षष्ठीचा ‘डेस’ यांच्यामागून ‘श्टुडेंटन’ येते आणि अनेकवचन तर सगळेच ‘श्टुडेंटन’. प्रत्यय ‘डेर’मुळे लागत नाही, विभक्तीमुळे लागतो.

वसुधा
मग हे आपले सामान्यरूपच झाले की! ‘विद्यार्थी आला’, पण ‘विद्यार्थ्याला’, ‘विद्यार्थ्याचे’.

हेमंत
एकवचनापुरते साम्य चांगले आहे. मात्र मराठीत सामान्यरूप हा बहुतेक नामांचा सर्वसाधारण धर्म आहे, जर्मनमध्ये तो पुल्लिंगी नामांच्या एका लहान गटापुरता उरला आहे. शिवाय अनेकवचनी कर्त्यालाही तेथे ‘एन’ लागतोच.

या ‘न’चे मूळ संस्कृत शिकलेल्यांना ओळखीचे वाटेल. ‘राजन्’ या नकारान्त शब्दाची प्रथमा ‘राजा’ होते, तेथे ‘न्’ गळतो आणि द्वितीयेत ‘राजानम्’ म्हणून परत दिसतो. जुन्या जर्मनमध्ये निरोप्याला ‘बोटो’ म्हणत आणि त्याची द्वितीया ‘बोटोन’ होई. आज तेच ‘बोटे’ आणि ‘बोटन’ आहे. म्हणजे ‘न’ मागून चिकटलेला नसून तो प्रातिपदिकाचाच भाग होता, फक्त कर्त्याच्या रूपात गळालेला. ‘श्टुडेंट’ हा मात्र लॅटिनमधून आलेला पाहुणा आहे. तो वंशाने नकारान्त नव्हे. माणसे दर्शवणाऱ्या अशा शब्दांच्या पंगतीत तो नंतर बसवला गेला.

सांगलीकर
मग ओळखायचे कसे? शेवटच्या अक्षरावर आघात असलेला परका शब्द दुर्बळ म्हणजे ‘एन’ घेणारा, असे मी ऐकले आहे. ‘श्टुडेंट’, ‘पात्सिएंट’, ‘जुर्नालिस्ट’ यांत आघात शेवटी आहे, ‘प्रोफेसोर’मध्ये तो मधल्या अक्षरावर आहे आणि तो शब्द ‘डेन प्रोफेसोर’ असाच राहतो.

हेमंत
‘ऑफित्सीर’चा आघातही शेवटीच आहे, तरी ‘डेन ऑफित्सीर’ असेच म्हणतात. त्यामुळे आघातावर विसंबू नये. शब्दकोशात नामापुढे आधी षष्ठीचा आणि मग अनेकवचनाचा प्रत्यय देतात. ‘श्टुडेंट’पुढे दोन्ही जागी ‘एन’ आहे, तर ‘प्रोफेसोर’पुढे षष्ठीला ‘एस’ आणि अनेकवचनाला ‘एन’. केवळ अनेकवचन पाहणारा नेमका इथेच फसतो.

हाम्बुर्गवासी
मी येथे बरीच वर्षे आहे. बोलताना ‘डेम श्टुडेंट’ सर्रास कानी पडते, कोणी अडवत नाही. पण लिफाफ्यावर नावाआधी ‘श्रीयुत’ अशा अर्थी मी आजही ‘हेर्न’ लिहितो. ‘हेर’चे एकवचनातले प्रत्ययी रूप ‘हेर्न’ आणि अनेकवचन ‘हेरन’, हा भेद मला फार उशिरा कळला.

हेमंत
बोलण्यात चालते, प्रमाण लेखनात ती चूकच धरतात. अपवाद आहे तो आधी उपपद किंवा विशेषण नसताना. ‘त्स्विशन आर्त्स्ट उंड पात्सिएंट’ म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये, येथे ‘पात्सिएंटन’ म्हटले तर ऐकणाऱ्याला अनेक रुग्ण वाटतील, म्हणून ‘एन’ गाळणे मान्य आहे.

वसुधा
पण तपासणाऱ्याला हा अपवाद ठाऊक नसेल तर? परीक्षेत तेथे ‘डेम’ घालून ‘पात्सिएंटन’ लिहिणेच मला सुरक्षित वाटते.

हेमंत
मग ‘आर्त्स्ट’लाही ‘डेम’ लावावे लागेल आणि वाक्यातला सर्वसाधारण अर्थ जाऊन एक विशिष्ट डॉक्टर व एक विशिष्ट रुग्ण उभे राहतील. मी तरी बिनप्रत्ययाचेच लिहीन.