मदत हवी आहे: आईच्या औषधांची यादी, दर महिन्याला कोरी होऊन घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी

रामबागकर
आम्ही इंदूरला, आई आमच्याकडेच. मोठा भाऊ पुण्याला. आईच्या पाच गोळ्या चालू आहेत. दोन भाऊ तिकडून ऑनलाइन मागवतो, तीन माझी बायको दवाबाजारातून आणते. Todoist मध्ये तिघांचा सामायिक प्रोजेक्ट केलाय. त्यात 'आईची औषधं' हे मुख्य काम, त्याखाली पाच उपकामं आणि तारीख `every month`. अडचणी तीन आहेत. टिक केलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यात कधी परत येतात, कधी येत नाहीत. आठवण फक्त माझ्याच फोनवर वाजते. आणि तारीख हळूहळू गोळ्यांच्या मागे पडत चाललीये. हीच यादी ग्वाल्हेरला सासूबाईंसाठीही वापरायची आहे.

लष्करवाली
मी Keep वापरते. प्रवासाची यादी एकदाच लिहून ठेवलीये, परत आलो की `Uncheck all items` दाबायचं, झालं! पुण्याला जाताना काय काय न्यायचं ते सगळं त्यात आहे, अगदी चिवड्याच्या डब्यासकट.

रामबागकर
ताई, प्रवासाला ते झकास आहे. पण इथे कोणीतरी आठवणीने कोरी करायला हवी ना, तेच तर होत नाही.

सयाजीगंज
`every` च्या पुढे उद्गारचिन्ह द्या: `every! 30 days`. मग पुढची तारीख तुम्ही टिक केलेल्या दिवसापासून मोजली जाते. आमच्याकडे बडोद्याला टाकी धुणं, आरओचं फिल्टर, सगळं असंच लावलंय. तारखेचं गणित कधी चुकत नाही.

जुना_कोठारी
टाकी आणि फिल्टरसाठी अगदी बरोबर. टाकी आठ दिवस उशिरा धुतली तर पुढचीही आठ दिवस उशिराच धुवायची असते. औषधांना मात्र ते लावू नका. गोळी रोज एक संपते, तुम्ही दुकानात कधी गेलात याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हिशोब करून बघा. पंधराच्या दोन स्ट्रिप म्हणजे तीस गोळ्या, आणि पाच शिल्लक असताना आठवण लावलीत. म्हणजे पहिली आठवण 25व्या दिवशी. तुम्ही तीन दिवस उशिरा, 28व्या दिवशी आणल्या. उद्गारचिन्ह असेल तर पुढची आठवण 58व्या दिवशी येईल, तेव्हा दोनच गोळ्या उरलेल्या. पुन्हा तीन दिवस उशीर झाला की आई एक दिवस बिनगोळीची. साधं `every 30 days` लावलं तर आठवण 55व्या दिवशीच येते, उशीर पुढे साचत नाही. तुमच्या `every month` मध्येही तीच खोट आहे: बारा महिन्यांत गोळ्यांचे 360 दिवसच भरतात, वर्ष 365 चं.

आता टिकांचं. उपकामं तेव्हाच कोरी होतात, जेव्हा कोणी वरचं मुख्य काम टिक करतं. पाचही गोळ्यांवर टिक झाली आणि मुख्य काम तसंच राहिलं, तर यादी तिथेच अडकते. तुमचं 'कधी येतात, कधी नाही' बहुधा हेच आहे. उलटं जास्त वाईट: तीनच गोळ्या आल्यात आणि कोणी घाईत मुख्य काम टिक केलं, तर उरलेल्या दोन न घेताच यादी पुढच्या तारखेला जाते. मुख्य कामावर टिक कोण करणार, ते एकाच माणसाकडे ठेवा.

रामबागकर
अगदी हेच, दादा! भाऊ त्याच्या दोन टिक करतो, बायको तिच्या तीन, आणि मुख्य कामाकडे कोणी बघतच नाही. आठवणीचं काय?

जुना_कोठारी
आठवण ज्याची त्याची. तुम्ही लावलेली तुमच्याच फोनवर वाजणार, भावाला त्याच्या फोनवर त्याची लावू द्या. मी तर दोन कामं वेगळी केली असती, 'पुण्याहून' आणि 'दवाबाजारातून', ज्याचं त्याला नेमून दिलेलं. मग मुख्य टिकचा वादच नाही.

सासूबाईंसाठी मुख्य कामावर `Duplicate` करा, उपकामंही सोबत येतात. नावं बदला, आणि तारीख त्यांच्या स्ट्रिपप्रमाणे नव्याने: `every 30 days starting` आणि पुढे पहिला दिवस. आईची तारीख तशीच राहू दिलीत तर ग्वाल्हेरची आठवण इंदूरच्या स्ट्रिपवर चालेल.

लष्करवाली
आणि थायरॉइडची गोळी असेल तर? माझी तर बाटलीत येते, शंभराची.

जुना_कोठारी
ती यादीतून बाहेर काढायची, तिचं वेगळं काम, `every 100 days`. आधी बाटलीवरचा आकडा वाचा, सगळ्या शंभराच्या नसतात.

सयाजीगंज
पटलं. पण डॉक्टरांनी मध्येच अर्धी गोळी केली तर तुमचे तीस दिवसही गेलेच की.

जुना_कोठारी
गेलेच. त्या दिवशी डब्यातल्या गोळ्या मोजून तारीख हातानेच बदलायची.

रामबागकर
दोन कामं केली, भावाने त्याच्याकडे आठवण लावली. बायको म्हणते तिला ॲप नकोच, फ्रिजवरचा कागद बरा. तिच्या तीन गोळ्यांची टिक कोणी करायची, हे अजून ठरायचंय.