मदत हवी आहे: आंब्याच्या बॉक्सचा घाऊक रेट आणि डिलिव्हरी, सप्लायरला मेल कसा लिहू?

कातळावरचा:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे, गेली तीन वर्षं दलालाकडे न घालता पुण्या-ठाण्यात थेट गिऱ्हाईकाला देतोय. एक डझनचा पाच प्लायचा बॉक्स लागतो, भोकं पाडलेला आणि नाव छापलेला. आतापर्यंत हजार हजार करून घेत होतो, २८ रुपयांनी. यंदा ६००० लागतील म्हणून कोल्हापूरच्या एका सप्लायरला विचारलं तर ५००० च्या वर २५.५० म्हणाला, भाडं आणि जीएसटी वेगळा, निम्मे पैसे ॲडव्हान्स. मला २४ ला हवाय. मी लिहिलेला मेल असा:

"सर, आम्ही मोठी ऑर्डर देत आहोत तरी कृपया बेस्ट रेट द्यावा. २४ रु. करावेत. डिलिव्हरी दर आठवड्याला ५०० बॉक्स, १२ आठवडे. पेमेंट माल मिळाल्यावर."

बायको म्हणते हा मेल वाचून तो हसेल. काय बदलू? आणि दुसरी अडचण म्हणजे मोहोर यंदा उशिरा आलाय, तुडतुडे पण आहेत, म्हणजे ६००० लागतीलच असं छातीठोक सांगता येत नाही.

बाजारबुणगा:
२४ हवा असेल तर २० पासून सुरुवात करा आणि दुसऱ्या कोणाचं तरी कोटेशन आहे म्हणून ठोकून द्या. क्रेडिट सरळ ९० दिवस मागा, आंबा विकून पैसे आले की द्यायचे. गरज त्याला आहे, तुम्हाला नाही.

सुगरण_डोंबिवली:
माझा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे, मला पण बॉक्सचा असाच त्रास. मी तर तीन प्लायचे घेते, आत चकलीचा डबा असतोच, पाच प्लाय कशाला हवाय? तीन प्लाय घ्या, २४ च्या पण खाली येईल बघा.

कातळावरचा:
ताई, तुमच्या आत डबा असतो हो, माझ्या आत आंबा आणि गवत. ट्रान्सपोर्टवाला एकावर एक आठ-दहा थर लावतो, खालचा दबला की डझनातले चार गेले.

खोकेवाला:
मी कोरुगेटेडच्या कारखान्यात अकरा वर्षं डिस्पॅच बघितलंय, आता दुसरं काम करतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो. तुमचा घोळ रेटमध्ये नाही, शेड्यूलमध्ये आहे. घडी केलेला बॉक्स वजनाला हलका पण जागा खातो, भाडं गाडीचं लागतं. ५०० बॉक्ससाठी छोटी गाडी आंबा घाट उतरून येणार, धरा ३५००. बारा खेपांचे झाले ४२०००, म्हणजे बॉक्समागे ७ रुपये. तेच २००० चा लॉट मोठ्या पिकअपमध्ये भरला, खेप ४५०० धरली तरी तीन खेपांचे १३५००, बॉक्समागे सव्वादोन. तुम्ही दीड रुपयासाठी भांडताय आणि पावणेपाच रुपये घाटात सांडताय.

त्याच्या बाजूनेही बघा. त्याला कागदाचे रोल एकदम घेता आले, तुमच्या नावाची छपाई एकदाच लावता आली, तर रेट सोडायला जागा मिळते. माल त्याच्या गोडाऊनमध्ये बारा आठवडे पडून राहिला तर नाही मिळत, कारण मार्चमध्ये त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, सगळे आंबेवाले तेव्हाच जागे होतात.

कातळावरचा:
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण दादा, २००० ठेवू कुठे?

खोकेवाला:
२५-२५ चे गठ्ठे असतील तर ८० गठ्ठे, सहा-सहाची थप्पी लावली तर एका खोलीचा कोपरा पुरतो. खाली फळ्या टाका. फक्त अढीच्या खोलीत ठेवू नका, तिथल्या दमटपणाने बॉक्स मऊ पडतो आणि मग सप्लायरला शिव्या घालता.

आणि एक. रेट फार दाबला की कोणी नाही म्हणत नाही, आतला कागद हलका करतात. वरून बॉक्स तसाच दिसतो, एप्रिलच्या उन्हाळ्यात थप्पीतला खालचा बसला की कळतं. म्हणून सॅम्पल पास करताना दहा बॉक्स काट्यावर ठेवा, त्याचं वजन मेलमध्ये लिहा, एक सही केलेला बॉक्स स्वतःकडे ठेवा. लॉट आला की परत दहा मोजा. थोडा फरक हवेतल्या ओलीमुळे पडतोच, त्यावरून भांडू नका, पण दहातला एक बॉक्स गायब झाल्याइतका फरक आला तर गाडी उतरवू नका.

हिशोबी:
९० दिवसांच्या सल्ल्याबद्दल. सप्लायर उत्पादक असेल आणि उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, पुढे व्याज लागू होतं. शिवाय ३१ मार्चला थकलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही.

खोकेवाला:
खर्चाचा मुद्दा धंद्याच्या उत्पन्नाला, याचं शेतीचं आहे, त्याला तो कशाला लागेल? ४५ दिवसांचं मात्र बरोबर. तसंही ॲडव्हान्स मागणाऱ्याकडे उधारी मागून काय मिळणार, त्यापेक्षा ॲडव्हान्सच्या बदल्यात काहीतरी मागा.

बाजारबुणगा:
बरं बाबा. पण दुसरं कोटेशन दाखवायचं म्हणालो ते चूक आहे का?

खोकेवाला:
खरं असेल तर दाखवा. खोटं असेल तर एका फोनमध्ये कळतं, या धंद्यात सगळे एकाच मिलचा कागद घेतात.

कातळावरचा:
रात्री बसून परत लिहिलंय, बघा:

"नमस्कार. तुमच्या २५.५० च्या कोटेशनबद्दल. या सीझनला आमची गरज ६००० बॉक्सची आहे. ४००० ची ऑर्डर आज पक्की करतो: २००० बॉक्स १ मार्चला, २००० बॉक्स २५ मार्चला, प्रत्येक लॉट एकाच गाडीत. उरलेले २००० उचलायचे का, ते १० एप्रिलपर्यंत लेखी कळवू.
पक्क्या ४००० चे निम्मे पैसे ऑर्डरसोबत देतो, त्यातून कागद आधीच घेता येईल. त्या बदल्यात २४ रु. दर, जीएसटी आणि भाडं वेगळं, ३० एप्रिलपर्यंत कायम ठेवावा. प्रत्येक लॉटचे उरलेले पैसे माल तपासून सात दिवसांत.
पास केलेल्या सॅम्पलच्या दहा बॉक्सचं वजन सॅम्पलसोबत कळवू, लॉट त्याच वजनाचा असावा. छपाईच्या ब्लॉकचे पैसे आम्ही दिलेत, तो आमचा राहील. १ मार्चचा लॉट पाच दिवसांपेक्षा जास्त लांबला तर तेवढे बॉक्स दुसरीकडून घेण्याची मोकळीक राहील."

खोकेवाला:
चांगला झालाय. शेवटची ओळ मी नरम केली असती, पण लिहिलीत ते बरं, पहिल्या लॉटला उशीर झाला तर तुमचं पाड लागलेलं फळ थांबत नाही. एक राहिलं: छापील मालात नग थोडे कमी-जास्त येतात. पाच टक्क्यांपर्यंत चालेल आणि पैसे आलेल्या नगांचेच, असं टाका. नाहीतर दोनशे-तीनशे जास्त येतात आणि ते बॉक्स पुढच्या वर्षापर्यंत उंदरांना.

हिशोबी:
४००० च पक्के म्हटले की तो "५००० च्या वरचा रेट मग कशाला" असं म्हणेल ना?

खोकेवाला:
म्हणेल. तिसरा लॉट नाही उचलला तर पक्क्या ४००० वर बॉक्समागे एक रुपया जास्त देतो, असं आधीच लिहून टाकता येईल. चार हजार रुपयांचा विमा समजा.

सुगरण_डोंबिवली:
मला त्या सप्लायरचा नंबर मिळेल का? व्यनि करा.

कातळावरचा:
दोन्ही टाकून मेल पाठवला. आज दुपारी उत्तर आलं. दोन लॉटच्या तारखा मान्य, पाच टक्के मान्य, रुपया जास्तची अट अर्थातच एकदम मान्य. दर २४.६० म्हणतोय. पण ३० एप्रिलपर्यंत दर कायम ठेवायला तयार नाही, तिसऱ्या लॉटला "कागदाच्या त्या वेळच्या भावाने" असं लिहिलंय. यावर काय लिहू? पक्क्या ४००० चा कागद तो आत्ताच घेणार म्हटल्यावर ते ठीक, पण तिसऱ्याला नुसतं "त्या वेळच्या भावाने" मान्य केलं तर तो काहीही सांगेल ना?

खोकेवाला:
सांगेल. वर जास्तीत जास्त किती, तो आकडा मागा. मी असतो तर बॉक्सला दीड रुपया म्हटलं असतं.

बाजारबुणगा:
मी म्हणतो तिसरा लॉट गावातल्याच कोणाकडून २८ ने घ्यावा, कटकट नको.

कातळावरचा:
गावातला पण त्याच कोल्हापूरहून आणतो हो.