मंजूर भार ३ किलोवॉटवरून वाढवायचा आहे : जोडभार ९.१ धरावा की १५?

धायरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. धायरीत चौथ्या मजल्यावर आमची दोन बेडरूमची सदनिका आहे. इमारत २००८ सालची असून वीजजोडणी सिंगल फेज आहे, आणि बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट असा छापलेला आहे. हॉलमध्ये दीड टनाचा आणि बेडरूममध्ये एक टनाचा असे दोन एसी घ्यायचे ठरले आहे. सासूबाईंना गॅसजवळ उभे राहवत नाही, म्हणून २,००० वॉटची इंडक्शन शेगडीही घ्यायची आहे. या तीन वस्तूंसाठी वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करायचा असून त्याला जोडभाराचा, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांच्या वॉटच्या बेरजेचा, तक्ता आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा आहे.

अडचण तक्त्याची आहे. ठेकेदाराने घरात फिरून जो तक्ता केला त्याची बेरीज १५ किलोवॉट आली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता थ्री फेज घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी तळमजल्यावरच्या मीटर रूमपासून घरापर्यंत नवीन केबल ओढायची, घरातला डीबी बदलायचा आणि वायरिंग तीन फेजमध्ये वाटून घ्यायचे, असा त्याचा अंदाज आहे. मी स्वतः बेरीज केली ती अशी: पंखे आणि दिवे मिळून ४२० वॉट, फ्रिज १८०, टीव्ही १००, हीटर नसलेले वॉशिंग मशीन ४००, गिझर २,०००, मिक्सर ५००, इस्त्री ७५०, संगणक व वायफाय १००, पाण्याचा प्युरिफायर ५०. म्हणजे आजचेच ४,५०० वॉट होतात. त्यात दोन एसींचे मिळून २,६०० आणि शेगडीचे २,००० धरले की ९,१०० वॉट.

ठेकेदाराच्या आणि माझ्या तक्त्यात बाकी सगळे आकडे सारखेच आहेत, फक्त एसींपुढे त्याने ५,००० आणि ३,५०० असे लिहिले आहे. विचारल्यावर त्याने दुकानातल्या एसीच्या लेबलचा फोटो दाखवला आणि त्यावर खरोखरच तसे छापलेले आहे. मग मी घेतलेले १,५७० आणि १,०३० हे आकडे चुकीचे आहेत का? अर्जात कोणती बेरीज लिहावी?

बाणेरचा बंड्या

माझ्या मते तुम्ही उगीच डोके शिणवत आहात. सगळी उपकरणे एका वेळी कोणी चालवत नाही, म्हणून अभियंते बेरजेला ०.५ ने गुणतात. ९.१ चे साडेचार होतात, तेव्हा ५ किलोवॉटचा अर्ज टाका आणि मोकळे व्हा. घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार लहान जोडणीला किलोवॉटवर बसत नाही, त्यामुळे कमी लिहिले काय किंवा जास्त लिहिले काय, बिलात फरक पडत नाही.

जुना मीटरवाला

मी वीज वितरणात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धायरीकर, तुमचे आकडे बरोबर आहेत. ठेकेदाराने खोलीतून बाहेर काढल्या जाणाऱ्या उष्णतेचा आकडा विजेच्या रकान्यात लिहिला आहे. लेबलवर ‘कूलिंग कपॅसिटी’ म्हणून जे ५,००० वॉट छापलेले असते ते एसी किती गारवा देतो याचे माप आहे. एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॉट उष्णता, म्हणून तुमच्या एक टनी एसीवर तोच आकडा दिसतो. एसी ही उष्णता स्वतः निर्माण करत नाही, तो ती फक्त आतून उचलून बाहेर टाकतो आणि त्या हमालीसाठी साधारण तिसरा हिस्सा वीज खातो. तुमच्या दीड टनी एसीचे ५,००० भागिले १,५७० केले तर ३.२ च्या आसपास येते, म्हणजे आकडा पटण्यासारखा आहे. तीनच्या ऐवजी एकच येत असेल तर चुकीच्या ओळीवर बोट ठेवले आहे असे समजावे. अर्जासाठी ‘पॉवर इनपुट’ किंवा ‘रेटेड इनपुट’ या शब्दांपुढचा आकडा घ्यायचा. अशी चूक झालेले तक्ते मी नोकरीत पुष्कळ परत पाठवले आहेत, आणि दरवेळी ग्राहकाला वाटायचे की साहेब आडमुठेपणा करतात.

इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटवरील पत्र्याच्या पाटीवर आणखी एक, ‘मॅक्सिमम इनपुट’ असा आकडा असतो आणि तो रेटेडपेक्षा जास्त असतो. जोडभार उत्पादकाने दिलेल्या रेटेड क्षमतेवरून काढतात, म्हणून तक्त्यात रेटेड लिहा. मात्र त्या एसीची स्वतंत्र तार आणि एमसीबी निवडताना मॅक्सिमम बघा.

बंड्या, तुम्ही सांगता तो गुणक खरा आहे, पण तो ट्रान्सफॉर्मर किंवा अख्ख्या इमारतीची केबल ठरवताना लावतात. अर्जातला रकाना जोडभाराचा आहे, मागणीचा म्हणजे एका वेळी प्रत्यक्ष लागणाऱ्या विजेचा नाही. टेस्ट रिपोर्टमध्ये ९.१ आणि अर्जात ५ असे दोन आकडे दिसले की पहिला प्रश्न त्यावरच येतो. स्थिर आकाराचेही तुमचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. सिंगल फेज आणि थ्री फेज यांचा स्थिर आकार वेगळा असतो आणि घरगुती जोडणीत १० किलोवॉटच्या वर गेल्यावर प्रत्येक १० किलोवॉटच्या टप्प्याला जादा आकार लागतो. म्हणजे चुकीचा १५ चा आकडा मंजूर करून घेतला असता, तर न वापरलेल्या भारापोटी दरमहा पैसे गेले असते.

सुमेधा_प

आमच्याकडेही अगदी असेच झाले. आम्ही मोटारीसाठी ७.२ किलोवॉटचा चार्जर घेतला, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाहन चार्जिंगची वेगळी जोडणी घेतली आणि त्यामुळे घराचा भार वाढवावा लागला नाही. तुम्हीही एसीसाठी वेगळे मीटर मागून पाहा ना. घरातले बिलही कमी युनिटांच्या टप्प्यात राहील.

जुना मीटरवाला

सुमेधाताई, वाहन चार्जिंगचा दर हा स्वतंत्र वर्ग आहे, म्हणून तुम्हाला ते जमले. एकाच सदनिकेत त्याच घरगुती वापरासाठी दोन मीटर घेऊन युनिटे वाटून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि धायरीकरांचा तो प्रश्नही नाही.

धायरीकर (धागाकर्ता)

काका, मनापासून आभार. दोन शंका उरतात. ९,१०० भागिले २३० केले तर ३९.६ अँपियर येतात आणि सिंगल फेज ४० अँपियरपर्यंतच मिळते असे वाचले. इतक्या काठावरचा अर्ज मान्य होईल का? दुसरे म्हणजे, सगळे एकदम चालू असण्याचा प्रसंग मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी गिझर, शेगडी, मिक्सर, हॉलचा एसी आणि किरकोळ वस्तू मिळून ६.८ किलोवॉट होतात, म्हणजे ३० अँपियरच्या जरा आत. रात्री दोन्ही एसी आणि शेगडी धरूनही ५.३ च्या वर जात नाही. मग केबल किती जाडीची लागेल?

जुना मीटरवाला

हा हिशेब तुम्ही केलात हे बरे झाले, कारण जोडभार कागदासाठी आणि हा हिशेब तारेसाठी लागतो. सकाळचे ३० अँपियर धरले तर ३२ अँपियरचा मुख्य एमसीबी पुरतो. त्याच्यासाठी मीटरपासून घरापर्यंत तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची तार मी सुचवेन, कारण चार मजले पाइपातून जाणारी तार गरम होते आणि व्होल्टेजही उतरते. त्या वेळच्या इमारतींत बहुधा ४ चौरस मिलिमीटरची तार सापडते. मीटरच्या पुढची तार ग्राहकाची जबाबदारी असते, तेव्हा सोसायटीची परवानगी आधी घ्या.

अर्ज देण्यापूर्वी एकदा मीटरच्या काचेतून पाहा. पाटीवर ५-३० A असे लिहिलेले असेल तर ते मीटर ३० अँपियरपर्यंतचे आहे, म्हणजे सुमारे ६.९ किलोवॉटचे. ९.१ मागितल्यावर मीटर बदलणे ओघाने आले, आणि टेबलावरचा माणूस थ्री फेज घ्या असे सुचवेल ते बहुधा याच कारणाने. नियमाने ४० अँपियरच्या आत तुम्ही बसता, पण काठावरच्या अर्जाला स्थानिक अभियंत्याने काय म्हणावे ते मी इथून सांगू शकत नाही.

कोथरूडचा वकील

एक मुद्दा राहून जाऊ नये. काही जण भारवाढ न करताच एसी लावतात आणि काही होत नाही म्हणतात. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराचे निर्धारण दुप्पट दराने होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर ते तपासणीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांचे धरतात. मंजूर भारापेक्षा जास्त वापर या कलमाखाली येऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. माझ्या मते जोडभाराच्या व्याख्येत ‘एकाच वेळी वापरता येणारी’ उपकरणे असे शब्द असल्याने गिझर आणि एसी यांपैकी एकच धरावा असा युक्तिवाद करता येतो. तसे केले तर धायरीकर सिंगल फेजच्या आत आरामात बसतात.

जुना मीटरवाला

वकीलसाहेब, युक्तिवाद करता येईल, पण गिझर आणि एसी यांच्यात दोनमार्गी स्विच नसेल तर ते एकाच वेळी वापरता येतात, हे समोरचा लगेच दाखवून देईल. तसा स्विच बसवून टेस्ट रिपोर्टमध्ये त्याची नोंद केली, तर तुमच्या मुद्द्याला आधार मिळेल. मी स्वतः अशा नोंदीवर भार कमी धरला होता. सगळेच धरतील असे नाही.

धायरीकर (धागाकर्ता)

काल संध्याकाळी मीटर रूममध्ये जाऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले. पाटीवर ५-३० A असेच आहे आणि वर जाणारी तार ४ चौरस मिलिमीटरची निघाली, कारण इन्सुलेशनवर ते छापलेले आहे. ठेकेदाराला लेबलवरची ‘पॉवर इनपुट’ची ओळ दाखवली, तेव्हा त्याने काही न बोलता तक्ता दुरुस्त करून दिला. अर्जात मी असे लिहिले आहे:

‘माझ्या सदनिकेचा सध्याचा मंजूर भार ३ किलोवॉट असून जुन्या उपकरणांचा जोडभार ४.५ किलोवॉट आहे. दोन वातानुकूलन यंत्रे (रेटेड इनपुट १,५७० व १,०३० वॉट) आणि २,००० वॉटची इंडक्शन शेगडी बसविल्यावर एकूण जोडभार ९.१ किलोवॉट होईल. उपकरणनिहाय तक्ता व टेस्ट रिपोर्ट सोबत जोडला आहे. कृपया सिंगल फेजवर मंजूर भार ९.१ किलोवॉट करावा आणि आवश्यक असल्यास मीटर बदलून मिळावा.’

जुना जोडभार ३ च्या वर असल्याची कबुली अर्जात द्यावी की नाही यावर घरात एकमत नाही, म्हणून तेवढे वाक्य ठेवून अर्ज सोमवारी द्यायचा की काढून, हे अजून ठरलेले नाही. वकीलसाहेबांचे मत मिळाले तर बरे होईल.