मदत हवी आहे: ऑर्डरची माहिती आता व्हॉट्सॲपवर देणार, गिऱ्हाइकांसाठीचं पत्र तपासून द्याल का?

चष्मेघर_सातारा
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. काचा पुण्याच्या लॅबमधून येतात. साध्या नंबरच्या दोन-तीन दिवसांत, प्रोग्रेसिव्ह असतील तर आठवडाही लागतो. मधल्या काळात "आला का हो चष्मा?" म्हणून सारखे फोन येतात आणि आत डोळे तपासायला बसलेलं माणूस ताटकळतं. म्हणून पुढच्या महिन्यापासून ऑर्डर घेतली, काचा आल्या, चष्मा तयार आहे, असे तीन मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवायचं ठरवलंय. काउंटरवरच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आहे, त्यावरूनच. बिलासोबत हे पत्र देणार आहे:

> सप्रेम नमस्कार. दि. १ पासून आपल्या ऑर्डरची माहिती व्हॉट्सॲपवर मिळेल. ही सेवा आपल्या नंबरवर आपोआप सुरू होईल. नवीन फ्रेम व सवलतींची माहितीही वेळोवेळी कळवली जाईल. सेवा नको असल्यास STOP असा रिप्लाय करावा.

आमची निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत. त्यांना हे कळेल का? आणि STOP आला की मेसेज आपोआप थांबतात, की मला काही करावं लागतं?

बाजीराव_७२
सोपं आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका यादीत २५६ जण बसतात. STOP लिहिलं की व्हॉट्सॲपच त्यांना यादीतून काढतं. पत्र उत्तम आहे, छापून टाका.

सुधाताई_क
दुकानाचे मेसेज थांबवायचे ना? चॅट उघडा, वर दुकानाच्या नावावर टॅप करा, अगदी खाली 'ब्लॉक' येतं. मी दोन दुकानांना केलंय, आता शांतता आहे.

चष्मेघर_सातारा
ताई, मेसेज पाठवणारा दुकानदार मीच आहे हो. पण माझी गिऱ्हाइकंही नेमकं हेच करतील, ते बरं ध्यानात आणून दिलंत.

निरोप्या
अशा मेसेजची यंत्रणा बसवून देण्याचं काम मी करतो. आधी बाजीरावांचं. २५६ चा आकडा बरोबर आहे, पण ब्रॉडकास्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. शिवाय प्रत्येकाचा चष्मा वेगळ्या दिवशी तयार होतो, तिथे एकच मेसेज सगळ्यांना पाठवून काय उपयोग? आणि STOP चं म्हणाल तर तुमच्या ॲपमध्ये तो साधा मेसेज म्हणून येऊन पडतो. तो कुणीतरी वाचून पुढचं पाठवणं थांबवायचं असतं. त्या चॅटला 'मेसेज नको' असं लेबल लावा आणि ऑर्डरच्या वहीत नावापुढे लाल खूण करा. संध्याकाळी काउंटरवर दुसरं कुणी बसत असेल तर त्याला लेबल दिसलं नाही तरी वही दिसते.

आता पत्र. "आपोआप सुरू होईल" हे वाक्य काढा. गिऱ्हाइकाने आधी हो म्हटलेलं असावं, असा व्हॉट्सॲपचा व्यवसायांसाठी नियमच आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: संमती स्पष्ट हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं सोपं हवं. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरू नका. ऑर्डर फॉर्मवर 'चष्मा तयार झाल्यावर कसं कळवू?' असं विचारून फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप असे तीन चौकोन छापा आणि खूण गिऱ्हाइकालाच करू द्या.

सवलतींची ओळही या पत्रात नको. ती परवानगी वेगळी मागायची. चष्म्याची वाट पाहणारा माणूस तुमचा मेसेज उघडणारच. त्यात जाहिरात मिसळलीत की तो सुधाताईंसारखं ब्लॉक करतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे नुसती एकच टिक दिसत राहते, फोन बंद असला तरी तशीच दिसते. चष्मा खणात पडून राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, दुकानाने कळवलंच नाही. म्हणून 'तयार आहे' या मेसेजला दुसऱ्या दिवशीही एकच टिक असेल तर सरळ फोन लावा.

मीरा_नाशिक
एक माझाही अनुभव. एका दुकानाने माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांच्या नंबरचा अख्खा कागद फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. नंबर होता माझ्या दिरांचा, आणि त्यांनी तो कौटुंबिक ग्रुपवर ढकलला. मोतीबिंदूचं सगळ्यांना कळलं, सासरे फार दुखावले. कृपा करून मेसेजमध्ये ऑर्डर क्रमांक आणि 'तयार आहे' एवढंच लिहा. आणि कोणत्या नंबरवरून मेसेज येईल तो पत्रात छापा, नाहीतर म्हातारी माणसं कुणाच्याही लिंकवर बोट ठेवतात.

चष्मेघर_सातारा
मीराताई, हे मनात आलंच नव्हतं, आभार. निरोप्या, मी STOP ऐवजी 'बंद' असा शब्द द्यायचा म्हणतोय, आमच्याकडे इंग्रजी टाइप करणारे कमी.

निरोप्या
मराठी शब्द द्याच, पण 'बंद' नको. उद्या काम वाढलं आणि उत्तरं आपोआप वाचणारी यंत्रणा लावलीत, तर "आज दुकान बंद आहे का?" विचारणाराही यादीतून उडेल. 'मेसेज नको' असे दोन शब्द ठेवा. तरी लोक 'nako', 'stop', नाहीतर व्हॉइस मेसेज पाठवतील. माणूस वाचतोय तोवर हे सगळं धकतं.

चष्मेघर_सातारा
सगळ्यांचं ऐकून पत्र असं केलंय:

> सप्रेम नमस्कार.
> दि. १ पासून आपला चष्मा कुठवर आला आहे हे आम्ही व्हॉट्सॲपवर कळवू शकू. ऑर्डर फॉर्मवर आपण व्हॉट्सॲपच्या चौकोनात खूण केली असेल तरच मेसेज येतील. एका ऑर्डरला जास्तीत जास्त तीन मेसेज, तेही फक्त या पत्रावर छापलेल्या दुकानाच्या नंबरवरून. त्यात डोळ्यांचा नंबर नसेल, जाहिरात नसेल, लिंक नसेल. आम्ही ओटीपी किंवा पैसे कधीही व्हॉट्सॲपवर मागणार नाही.
> मेसेज थांबवायचे असतील तर त्याच मेसेजला 'मेसेज नको' असं उत्तर द्या, किंवा दुकानात फोन करा, किंवा काउंटरवर सांगा. कारण सांगायची गरज नाही. थांबवल्याची पोच एकदा मिळेल. त्यानंतर चष्मा तयार झाल्यावर आम्ही फोन करून कळवू.

बाजीराव_७२
ब्रॉडकास्टचं सेव्ह करावं लागतं हे खरंच माहीत नव्हतं. पण पत्र लांबलं असं अजूनही वाटतं. "थांबवायचे असतील तर" पासूनचा भाग जाड ठशात घ्या, नाहीतर कोणी वाचणार नाही.

मीरा_नाशिक
मला लांब नाही वाटलं. काउंटरवर सांगितलं तरी चालेल हे वाचून सासरे खूश होतील.

चष्मेघर_सातारा
जाड ठसा करतो. एक पेच मात्र राहिलाय. बऱ्याच आजी-आजोबांचा म्हणून दिलेला नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्यात. फॉर्मवर खूण आजोबा करणार आणि मेसेज मुलाला जाणार. मग हो कोणाचं धरायचं?

निरोप्या
ज्याच्या फोनवर मेसेज जाणार त्याचं, असं माझं मत. पहिला मेसेज जायच्या आधी मुलाला एक फोन करून विचारा.

सुधाताई_क
मला नाही पटत. चष्मा आजोबांचा, पैसे आजोबांचे. मुलाला विचारायचं कशाला? माझा मुलगा तर माझ्या औषधांचेही मेसेज न वाचता पुसून टाकतो. अशा वेळी घरच्या फोनवर आजोबांनाच कळवा.